मांजराला फीट आली तर हाताशी काय हवं

घरात मांजर असेल तर आजच एक कागद फ्रिजच्या दारावर चिकटवा. त्यावर नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर हवा, आणि रात्री किंवा रविवारी उघडा असणाऱ्या जवळच्या प्राण्यांच्या दवाखान्याचा नंबर हवा, तिथे पोचायला किती वेळ लागतो हेही लिहून. नंबर लिहिण्याआधी एकदा फोन करून विचारा की रात्री डॉक्टर तिथे असतात की बोलावल्यावर घरून येतात, आणि फीट थांबवायचं इंजेक्शन त्यांच्याकडे असतं का. कागदावर मांजराचं वय आणि वजनही लिहा, कारण फिटेची औषधं वजनावरच मोजतात. घरी वजन करायचं तर मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्याचं वजन त्यातून वजा करा.

मांजराची पेटी माळ्यावर ठेवू नका. ती खाली, रोजच्या नजरेत, आत एक जुना टॉवेल घालून उघडी ठेवा. शेजारी आणखी एक जाड टॉवेल ठेवा. फोन चार्ज असू द्या, कारण त्या वेळी घड्याळ, कॅमेरा आणि डॉक्टर हे तिन्ही त्याच्यातच असतात. एवढी तयारी पुरते. फीट चालू असताना आपल्या हातांना करण्यासारखं फार थोडं असतं, म्हणून जे करायचं ते आधीच करून ठेवायचं.

फीट येते तेव्हा मांजर बहुतेक वेळा कुशीवर पडतं, पाय ताठ होतात, मग चारही पाय सायकल मारल्यासारखे हलतात. तोंडातून लाळ किंवा फेस येतो, लघवी किंवा शी होते, डोळे उघडे असले तरी बघत नसतात. पण मांजरांत निम्मीअर्धी फीटसुद्धा येते आणि ती सहज नजरेतून सुटते. चेहऱ्याची एकच बाजू किंवा एक कान उडत राहतो, तोंड चावल्यासारखं हलतं, लाळ गळते, किंवा मांजर एकदम उठून वेड्यासारखं धावत भिंतीवर आदळतं. आपण "घाबरलं असेल" म्हणून सोडून देतो. असं दिसलं की तेही लिहून ठेवा.

पहिली गोष्ट, घड्याळ बघा. त्या वेळी दहा सेकंदही दहा मिनिटांसारखी वाटतात, त्यामुळे अंदाजावर विसंबता येत नाही. दुसरी, मांजराला जागचं हलवू नका, आजूबाजूच्या वस्तू हलवा. खुर्ची सरकवा, पाण्याचं भांडं उचला, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल सरकवा. पलंगाच्या कडेला किंवा जिन्यावर असेल तरच टॉवेल अंगाखाली सारून हळूच खाली ओढून घ्या. टीव्ही, मिक्सर बंद करा, दिवा मालवा, मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. घरात दुसरं मांजर किंवा कुत्रा असेल तर त्यालाही बाहेर काढून दार लावा, कारण ओळखीचं मांजर असं वागताना बघून दुसरं घाबरून त्याच्यावर तुटून पडू शकतं.

तोंडात बोट, चमचा, पाणी, काहीही घालू नका. मांजर जीभ गिळत नाही. मात्र त्याचा जबडा त्या क्षणी त्याच्या ताब्यात नसतो, आणि त्यात सापडलेलं बोट खोलवर फाटतं. आपल्याकडे माणसाला आकडी आली की कांदा हुंगायला द्यायची, हातात किल्ली द्यायची पद्धत आहे. ती मांजरावर करू नका. फीट कांद्याने थांबत नाही, ती आपली आपण थांबते, आणि कांद्याचा तुकडा किंवा रस पोटात गेला तर मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. अंग दाबून धरूनही झटके थांबत नाहीत.

हात मोकळे असतील तर व्हिडिओ काढा. त्या क्षणी ते करायला मन होत नाही, मला माहीत आहे. पण दवाखान्यात पोचेपर्यंत बहुतेक मांजरं शांत झालेली असतात, आणि फीट होती की हृदयाच्या त्रासाने आलेली भोवळ, हे डॉक्टरांना त्या व्हिडिओवरून ठरवता येतं. भोवळ आलेलं मांजर बहुधा ढिलं पडतं आणि काही सेकंदांत उठून नेहमीसारखं चालू लागतं. फिटेनंतर तसं होत नाही.

बहुतेक फिटा एक-दोन मिनिटांत थांबतात. दोन मिनिटं झाली की दवाखान्याला फोन लावा आणि घरातल्या कुणाला तरी रिक्षा आणायला पाठवा, कारण पाच मिनिटांची वेळ ही निघायची आहे, तयारीला लागायची नाही. पाच मिनिटांपुढे चाललेली फीट, चोवीस तासांत दुसरी फीट, किंवा शुद्धीवर न येताच पुन्हा सुरू झालेले झटके, या तिन्हींत थांबायचं नाही. स्नायू सतत आखडत राहिले की अंग तापतं आणि त्या तापाने मेंदूला आणखी इजा होते. वाटेत अंग गरम लागलं तर पोटाला आणि तळव्यांना साध्या पाण्याने ओला केलेला कपडा लावा. बर्फ नको. पहिलीच फीट असेल तर ती एका मिनिटात थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

थांबल्यावरही लगेच उचलून छातीशी धरू नका. काही मिनिटं, कधी काही तास, मांजर भानावर नसतं. भिंतींना धडकतं, गोल गोल फिरतं, काही काळ त्याला दिसतही नाही, आणि एरवी मांडीवर झोपणारं मांजर ओरबाडतं. अंधाऱ्या, शांत खोलीत जमिनीवर राहू द्या. नीट चालायला आणि हाकेला मान वळवायला लागेपर्यंत खाणंपाणी देऊ नका, घशाखालचं फुप्फुसात जाऊ शकतं. इन्सुलिन चालू असलेल्या मांजराचा अपवाद. त्याची साखर उतरलेली असू शकते, तेव्हा झटके थांबल्यावर ओठ उचलून हिरडीवर थोडा मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी चोळा आणि तसंच दवाखान्यात न्या.

आता आमच्या चिंगीचं सांगते. वय तीन वर्षं, वजन सव्वातीन किलो, कधी आजारी नाही. एका शनिवारी रात्री आठला आम्ही आमच्या कुत्र्याच्या, शेरूच्या मानेवर गोचिडांचं औषध सोडलं, कुत्र्यांच्या नळीतलं. चिंगी रोज त्याच्याच मानेला टेकून झोपते, ती त्या रात्रीही झोपली. रविवारी सकाळी साडेसहाला तिचे कान फडफडताना दिसले, माशी बसल्यासारखे. मग ती पंजे झटकत चालू लागली, पाठीवरची कातडी थरथरत होती. सातच्या सुमारास लाळ सुरू झाली आणि ती पडली. व्हिडिओत एक मिनिट पन्नास सेकंद आहेत.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न आजाराबद्दल विचारलाच नाही. "ताई, कालपासून घरात वेगळं काय झालं?" मी म्हटलं, काहीच नाही. त्यांनी एकेक करून विचारलं: फवारणी? फिनेल बदललं? उंदराचं औषध? नवीन खाणं? घरात दुसरा प्राणी? शेवटच्या प्रश्नावर मला नळी आठवली. नवऱ्याने कचऱ्याच्या डब्यातून ती काढून फोटो पाठवला, त्यावर परमेथ्रिन होतं.

परमेथ्रिन कुत्रा सहज पचवून बाहेर टाकतो. मांजराच्या यकृतात ते निकामी करणारं रसायन फार कमी असतं, त्यामुळे ते अंगात साठून नसांना थांबूच देत नाही. कुत्र्यांच्या थेंबांत ते इतकं दाट असतं की मांजराच्या अंगावर थेट घातलं नाही, नुसतं अंगाला अंग लागलं तरी पुरतं. लक्षणं काही तासांत दिसू शकतात, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही. चिंगीला आधी थरथर थांबवायचं इंजेक्शन दिलं, ती स्थिर झाल्यावर कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने मान-पाठ धुतली, मग दोन दिवस सलाइन. मंगळवारी ती घरी आली. गरम पाण्याने धुतलं तर कातडीतून औषध जास्त शिरतं, गार पाण्याने अंग थंड पडून थरथर वाढते, म्हणून कोमटच. औषध चुकून लागल्याचं लक्षणं दिसण्याआधी कळलं तर हे धुणं घरी करून लगेच निघावं. थरथर सुरू झाली असेल तर आधी दवाखाना.

म्हणून त्या कागदाच्या मागच्या बाजूला हेच प्रश्न लिहून ठेवा, उत्तरं डॉक्टरांना लागतात. लहान मांजरात विष, डोक्याला मार, संसर्ग किंवा उतरलेली साखर हे आधी बघतात, काहींत यकृताची रक्तवाहिनी जन्मतः चुकीच्या जागी जोडलेली असते. दहाच्या पुढच्या मांजरात मूत्रपिंड आणि थायरॉइड, त्यातून वाढलेला रक्तदाब, आणि मेंदूवरची गाठ. किनाऱ्याकडे मांजराला नुसत्या कच्च्या मासळीवर वाढवतात. काही जातींच्या कच्च्या मासळीत बी-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो. अशा मांजराची मान आधी छातीकडे वाकते, मग फीट येते, आणि हे वेळेत कळलं तर इंजेक्शनने बरं होतं. म्हाताऱ्या मांजरांत आवाजानेही फीट येते, स्टीलच्या वाटीवर चमचा वाजला किंवा फॉइल चुरगळला की. म्हणून फिटेच्या आधी कुठला आवाज झाला तेही लिहा. सगळ्या तपासण्या करूनही काहींत कारण सापडत नाही.

एकच फीट आली म्हणून रोजची गोळी लगेच सुरू होईलच असं नाही. सुरू झाली तर ती बहुधा फेनोबार्बिटोन असते, बारा-बारा तासांनी. ती संपायच्या आठवडाभर आधी आणून ठेवा, कारण एकदम बंद पडली तर आधीपेक्षा मोठी फीट येऊ शकते. घरातल्या कुत्र्याची फिटेची गोळी मांजराला देऊ नका. कुत्र्यांना चालणारं ब्रोमाइड मांजरांच्या फुप्फुसांना बाधतं. माणसाची झोपेची गोळीही नको, डायझेपाम पोटातून रोज दिल्याने मांजरांची यकृतं निकामी झालेली आहेत. डॉक्टरांनी स्वतः लिहून, प्रमाण सांगून, गुदद्वारातून द्यायचा डोस घरी ठेवायला दिला असेल तर तेवढाच पेटीच्या कप्प्यात ठेवा.

शेरूला आता परमेथ्रिन नसलेलं औषध लावतो, तेही लावलं की तीन रात्री तो हॉलमध्ये आणि चिंगी आमच्या खोलीत, मधलं दार बंद. पहिल्या रात्री ती दाराशी बसून ओरडते. दार उघडत नाही.