मिठाईच्या डब्यात सोन्याचं नाणं निघालं तर: ग्राहकाची महागडी भेट परत कशी करावी

बडोद्यात दिवाळीला ग्राहकांकडून डबे येतातच. काजूकतली, सुका मेवा, लीलो चेवडो. बँकेत कर्ज विभागात असताना असे किती डबे शाखेत फोडून सगळ्यांनी मिळून खाल्ले, त्याला गणती नाही. प्रश्न पडतो तो मिठाईच्या कागदाखाली आणखी काही निघतं तेव्हा.

माझ्याबाबतीत ते धनतेरसच्या दोन दिवस आधी घडलं. मकरपुरा जीआयडीसीत कारखाना असलेल्या एका शेठांचा ड्रायव्हर दांडिया बाजारातल्या आमच्या घरी डबा देऊन गेला. मी बँकेत होते, डबा सासूबाईंनी घेतला. रात्री उघडला तर काजूकतलीच्या थराखाली सीलबंद पाकिटात 10 ग्रॅमचं सोन्याचं नाणं. शेठांच्या कॅश क्रेडिट मर्यादेचं, म्हणजे धंद्याच्या खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाचं, नूतनीकरण तेव्हा माझ्याच टेबलावर होतं. सासूबाई म्हणाल्या, “घरी आलेली लक्ष्मी परत पाठवू नये गं.” त्या मनापासून बोलत होत्या, आणि शेठांनीही बहुधा तेवढ्याच मनापासून पाठवलं असावं. म्हणूनच हे काम नाजूक आहे. तेव्हा जे केलं आणि पुढे सहकाऱ्यांना जे सांगत आले, ते क्रमानं लिहिते.

त्याच रात्री: हात लावू नका, फोटो काढा, साहेबांना लिहा

नाण्याचं पाकीट फोडू नका. वजन आणि शुद्धता पाकिटावर छापलेली असते, तीच फोटोत दिसू द्या. एक फोटो डब्यासकट, एक पाकिटाचा. घरच्यांना विचारून घ्या की डबा कोणी, किती वाजता दिला.

मग शाखा व्यवस्थापकांना मेल लिहा. फोन केलात तरी मेल हवाच, आणि तो त्याच दिवशीच्या तारखेचा हवा. मी लिहिलेल्या मेलचा मराठीत अर्थ असा:

“आज संध्याकाळी साधारण सहा वाजता अमुक कंपनीच्या ड्रायव्हरनं माझ्या घरी मिठाईचा डबा दिला. मी घरी नव्हते. डब्यात 10 ग्रॅम असं छापलेलं सोन्याचं नाणं सीलबंद पाकिटात आहे. पाकीट उघडलेलं नाही, फोटो जोडले आहेत. नाणं परत करायचं आहे. या कंपनीचं नूतनीकरण माझ्याकडे आहे. ते दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायचं का, हे कृपया कळवावं.”

या मेलमधलं शेवटचं वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. भेट परत केल्यावरही प्रकरण तुमच्याच हातात राहिलं तर निर्णय कसाही झाला तरी बोट उठतं. मंजूर झालं तर “नाणं पोचलं होतं”, आणि नामंजूर झालं तर “नाणं कमी पडलं”. ते ठरवण्याची जबाबदारी साहेबांवर सोपवा.

नियम आधी वाचा, मग बोला

प्रत्येक बँकेची, कंपनीची आचारसंहिता असते आणि भेटवस्तूंची मर्यादा त्यात लिहिलेली असते. काही ठिकाणी ठराविक रक्कम असते, काही ठिकाणी नुसती मिठाई आणि कॅलेंडर-डायरीपुरती मुभा. आपली मर्यादा काय ते पाहूनच मिठाई ठेवायची की तीही परत करायची हे ठरवा. केंद्र सरकारी नोकरांना 2019 पासून शासनाच्या मंजुरीशिवाय गट अ आणि ब मध्ये 5,000 रुपयांच्या वर, तर गट क मध्ये 2,000 रुपयांच्या वर भेट स्वीकारता येत नाही. लग्नकार्यात नातेवाइकांकडून किंवा कामाचा काहीही संबंध नसलेल्या मित्रांकडून मिळणाऱ्या भेटींसाठी मर्यादा वेगळ्या आहेत. राज्य सरकारी नोकरांनी आपल्या राज्याचे नियम पाहावेत.

खासगी बँकेतल्या अनेकांना वाटतं की लाचलुचपतीचा कायदा सरकारी माणसांसाठी आहे. तसं नाही. खासगी बँकेचे अधिकारीही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवक ठरतात, असं सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये सांगितलं आहे. कामाच्या बदल्यात गैरलाभ घेतल्याचं सिद्ध झालं तर त्या कायद्यात 3 ते 7 वर्षांची कैद आहे. हे शेठांना ऐकवायचं नाही. ते आपल्याला माहीत असावं, म्हणजे बोलताना पाय डळमळत नाहीत.

कधी परत करायचं

बडोद्यात हा प्रश्न खरा आहे. धनतेरसला सोनं परत नेऊन दिलं तर समोरच्याला ते अशुभ वाटतं. दिवाळीच्या दिवशी चोपडा पूजन म्हणजे वहीपूजन, मग बेसतुं वरस म्हणजे गुजराती नवं वर्ष, आणि कारखाना उघडतो तो लाभपाचमला. तेव्हा एकतर धनतेरसच्या आधी जा, नाहीतर लाभपाचम झाल्यावर दुसऱ्या दिवशी जा. मधले दिवस नाणं घरच्या कपाटात ठेवू नका. शाखा व्यवस्थापकांच्या ताब्यात द्या, पोच घ्या, आणि ग्राहकाला लगेच कळवा की नाणं बँकेत जमा आहे आणि अमुक दिवशी परत आणून देऊ. उशीर चालतो, पण न कळवता झालेल्या उशिराचा जाब पुढे द्यावा लागतो.

मी दुसऱ्याच दिवशी गेले.

स्वतः जा, आणि रिकाम्या हाती जाऊ नका

शिपायाबरोबर किंवा कुरिअरनं नाणं पाठवलं तर नियम पाळला जातो, पण माणूस दुखावतो. ज्याचा डबा ड्रायव्हरच्या हाती परत येतो, त्याचा चार माणसांत पाणउतारा होतो. शिवाय वाटेत पाकीट हरवलं तर काय, हा प्रश्न उरतोच. आधी फोन करून वेळ घ्या. शेठांच्या ओळखीचा एक सहकारी बरोबर ठेवा, तो साक्षीदारही होतो. अकाउंटंट, मुलं, येणारेजाणारे समोर असताना पाकीट टेबलावर ठेवू नका.

मी घरच्या फराळाचा छोटा डबा नेला होता, चकल्या आणि करंज्या. तो सासूबाईंनीच भरून दिला. रात्रभर विचार करून त्या म्हणाल्या होत्या, “लक्ष्मी परत जाते तर बरोबर काहीतरी गोड जाऊ दे.” हा माझा नेहमीचा सल्ला झाला आहे. आपण काही देत असलो की परत करण्यातला नकार बोथट होतो. अट एकच, फराळ खरोखर घरचा आणि साधा असावा.

काय बोलायचं

चहा घ्या. मिठाईचं कौतुक करा, पण पाच मिनिटांच्या आत मुद्द्यावर या. लांबलं की समोरच्याला वाटतं, मन वळतंय. मी गुजरातीत म्हटलं, “मिठाई राखी लीधी, शेठ. सिक्को नथी राखी शकती, बँकनो नियम छे.” अपेक्षेप्रमाणे शेठ म्हणाले, “बेन, प्रसादी छे, ना न पाडशो.”

इथे पुष्कळ जण घसरतात. “इतकं महाग कशाला आणलंत?” म्हटलं की पुढच्या वेळी थोडं स्वस्त येतं. “आमचे साहेब रागावतील” म्हटलं की साहेबांच्या घरीही एक डबा जातो. “आत्ता नको, नूतनीकरण होऊ दे” हे तर कधीच म्हणू नका. ते वाक्य कागदावर आलं तर त्याचा अर्थ सौदा असाच होतो. आणि “मला सोन्याची हौस नाही” म्हटलं की शेठ विचारतात, मग कशाची आहे?

नकार नियमाच्या नावावर द्या आणि प्रेम त्या माणसाच्या नावावर ठेवा. मी म्हटलं, “तुम्ही आठवण ठेवलीत ते मी घेतलंच आहे. नाणं ठेवलं तर तुमच्या फायलीवर माझी सही चालणार नाही, आणि त्यात नुकसान तुमचं आहे.” हे खोटं नव्हतं, आणि व्यापारी माणसाला हे लगेच पटतं. त्यांनी आणखी एकदा आग्रह केला, “मुलीच्या नावानं ठेवा.” मुलांच्या, नवऱ्याच्या, सुनेच्या नावानं घेतलेली भेटही आपलीच धरली जाते. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, नवं कारण दिलं नाही. दर वेळी नवं कारण दिलं की दर वेळी नवी तोड निघते.

शेठ क्षणभर गप्प झाले. मग पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवून त्यांनी करंजी घेतली.

पण बोलण्यात कामाचा इशारा असेल, म्हणजे खात्यातून किती रक्कम उचलता येईल त्या हिशेबाबद्दल “ड्रॉइंग पॉवरचं तेवढं बघा” असं काही, तर हा सगळा सोपस्कार सोडा. एकट्यानं भेटू नका, नाणं शाखेतच ठेवा आणि झालेलं बोलणं शब्दाला शब्द लिहून साहेबांना आणि दक्षता विभागाला कळवा. तिथे मन राखण्याचा प्रश्न उरत नाही.

पोच मागायची कशी

“सही करा” म्हटलं की मैत्रीच्या खोलीत पोलीस ठाणं शिरतं. मी त्याऐवजी शाखेत परतल्यावर आभाराचा मेल पाठवला: “मिठाईबद्दल मनापासून आभार. आज आपल्या कार्यालयात 10 ग्रॅमचं सीलबंद नाणं आपल्याला परत दिलं, ते आपण समजून घेतलंत याबद्दलही आभार. दिवाळीच्या शुभेच्छा.” प्रत शाखा व्यवस्थापकांना. शेठांचं “थँक यू बेन” एवढं उत्तर आलं, आणि ते पोच म्हणून पुरेसं होतं. उत्तर आलं नाही, तर बरोबर आलेल्या सहकाऱ्याकडून दोन ओळींचा मेल घेऊन ठेवा.

जे परत करणं होत नाही

नाणं देवळात वाहिलं, संस्थेला दिलं, म्हणजे झालं असं काही जण समजतात. तसं होत नाही. देण्याआधी तुम्ही ते स्वीकारलेलं असतं. सहकाऱ्याला देणं, किंवा नाणं ठेवून त्याच्या किमतीचं काही शेठांना पाठवणं, याचंही तेच. ग्राहक काही केल्या परत घेत नसेल तर नाणं शाखेत जमा करा, पोच घ्या, ग्राहकाला लेखी कळवा, आणि पुढे काय करायचं ते बँकेला ठरवू द्या.

पुढच्या वर्षीसाठी

नवरात्र संपलं की सगळ्या ग्राहकांना शाखेच्या नावानं एकसारखं पत्र जाऊ द्या: शुभेच्छा, आणि शाखेच्या पत्त्यावर मिठाईपलीकडे काही पाठवू नये, कर्मचाऱ्यांच्या घरी काहीच पाठवू नये, अशी विनंती. पत्र सगळ्यांना गेलं म्हणजे ते कोणा एकाला लागत नाही. आमच्या शाखेतून ते पुढच्या वर्षी गेलं, आणि त्या शेठांचा डबा सरळ शाखेत आला, सगळ्यांच्या नावानं. दुपारी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर उघडला. लीलो चेवडो होता.