घाटावरून आणलेल्या गायीचे आखडलेले पाय

डिचोलीच्या गोठ्यात घाटावरून आणलेली गाय आखडत चालू लागली, तेव्हा आधी तिचे खालचे पुढचे दात पाहिले. दोन्ही बाजूंना सारखेच, घासूनही न जाणारे तपकिरी डाग. ही खूण जास्त फ्लोराइड पोटात गेल्याची, तेच हाडांत साठून पाय आखडतात. दात हिरडीत घडत असतानाच असे डाग पडतात, म्हणजे फ्लोराइड तिकडचेच, बहुधा पाण्यातले. तरी इथल्या विहिरीचे पाणी तपासून घेतले. फ्लोराइड लिटरला 2 मिलिग्रॅमच्या वर निघाले तर ते पाणी गुरांना देऊ नये. उकळून उपयोग नाही, उलट फ्लोराइड दाट होते. विहीर चांगली निघाली, तिचेच पाणी चालू आहे. खनिज मिश्रण मात्र फ्लोराइड काढलेलेच घ्या, साध्या रॉक फॉस्फेटमध्ये ते भरपूर असते. हाडांतला साठा सावकाश, महिनोन्‌महिने उतरतो. पाय थोडेफार सुटतात, दातांवरचे डाग जात नाहीत.