ऑटोमन कारभाराविषयी लिहिताना या चुका टाळा: मिल्लत, काझी आणि जानिसारी

ऑटोमन साम्राज्याचा कारभार समजावून सांगताना एक सुबक चित्र नेहमी रंगवले जाते. दुसऱ्या मेहमदाने १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल जिंकले, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, आर्मेनियन आणि ज्यू प्रजेला ‘मिल्लत’ नावाच्या तीन स्वायत्त गटांत बसवले, आणि ख्रिस्ती घरांतून पळवलेल्या गुलामांची जानिसारी फौज उभारून सर्वांवर वचक ठेवला, असे ते चित्र. यातला प्रत्येक तुकडा थोडासा खरा असल्यामुळेच चूक लवकर ध्यानात येत नाही.

पहिली चूक काळाची आहे. मेहमदाने जानेवारी १४५४ मध्ये गेन्नादिओस या भिक्षूला ऑर्थोडॉक्स चर्चचा पॅट्रिआर्क म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू नेमले, हे खरे. परंतु अशी नेमणूक ‘बेरात’ म्हणजे सुलतानाच्या सनदेने त्या व्यक्तीला मिळत असे आणि नव्या पॅट्रिआर्कला नवी सनद घ्यावी लागे. संपूर्ण समाजाला कायमची स्वायत्तता देणारा तो जाहीरनामा नव्हता. ज्यूंच्या मुख्य धर्मगुरूचे ‘हाहामबाशी’ हे पद राज्याने अधिकृतपणे मान्य केले तेच १८३५ साली. जुन्या दप्तरांत या समाजांसाठी बहुधा ‘ताइफे’ किंवा ‘जमात’ असे शब्द येतात, तर बिगर-मुस्लीम समाज या अर्थाने ‘मिल्लत’ हा शब्द सर्रास रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्या समाजांच्या लेखी घटना १८६० च्या दशकात तयार झाल्या. म्हणून पंधराव्या शतकाविषयीच्या लेखात ‘तीन मिल्लती’ असा शब्दप्रयोग दिसला, की लेखकाने नंतरची व्यवस्था मागे नेऊन बसवली आहे असे समजावे.

दुसरी चूक अधिक खोल आहे, ती म्हणजे प्रत्येक समाज आपापल्या न्यायालयाच्या भिंतीआड राहत होता असे मानणे. विवाह, घटस्फोट, वारसा यांचे वाद धर्मगुरूंपुढे चालत, हे बरोबर. पण काझीचा दरवाजा ख्रिस्ती आणि ज्यू प्रजेलाही उघडा होता आणि ती तो नित्य ठोठावत असे. कारण व्यावहारिक होते. समजा, एखाद्या ख्रिस्ती मुलीला बापाच्या मालमत्तेतला वाटा भाऊ देत नाहीत. शरियतनुसार तिला भावाच्या निम्मा वाटा निश्चित मिळतो. स्थानिक रूढी तेवढाही देत नसेल, तर तिने काझीकडे जाणेच शहाणपणाचे. शिवाय काझीच्या नोंदवहीत उतरलेल्या निकालामागे राज्याची ताकद असे, तर धर्मगुरूच्या हाती मुख्य अस्त्र होते बहिष्काराचे. म्हणूनच धर्मगुरू आपल्या लोकांना काझीकडे जाण्यापासून परावृत्त करू पाहत. मात्र या उघड्या दरवाजाला समतेचा पुरावा मानणे ही उलट बाजूची चूक होय, कारण मुसलमानाविरुद्ध ख्रिस्ती किंवा ज्यू व्यक्तीची साक्ष तेथे ग्राह्य नव्हती आणि जिझिया तर द्यावाच लागे.

तिसरी चूक ‘गुलाम’ या शब्दापाशी होते. मराठी वाचकाला मलिक अंबर आठवतो: विकत घेतलेला हबशी गुलाम, जो पुढे निजामशाहीचा सूत्रधार झाला. साम्य आहे, पण ‘देवशिर्मे’ ही खरेदी नव्हती. ती सुलतानाने स्वतःच्याच प्रजेकडून केलेली मुलांची वसुली होती, आणि संरक्षण दिलेल्या प्रजेला गुलाम करणे शरियतमध्ये बसत नसल्याने तिचा धार्मिक आधार लंगडाच राहिला. बाल्कनमधल्या गावांत अधिकारी येई, पाद्रीकडून बाप्तिस्म्याची यादी घेई आणि साधारणपणे चाळीस घरांमागे एक मुलगा निवडी. एकुलता एक मुलगा सहसा वगळला जाई. निवडलेल्यांचे वर्णन नोंदवून त्यांना इस्तंबूलला नेत; तेथे धर्मांतर होई, मोजके राजवाड्याच्या शाळेत जात, बाकीचे तुर्की भाषा आणि कष्ट अंगवळणी पडावेत म्हणून काही वर्षे शेतकऱ्यांकडे ठेवले जात आणि मग जानिसारी होत. सतराव्या शतकात ही वसुली विरत गेली आणि जानिसारींचीच मुले फौजेत शिरू लागली. त्यामुळे १८२६ साली दुसऱ्या महमूदाने मोडून काढलेल्या फौजेला ‘ख्रिस्ती मुलांची फौज’ म्हणणे सपशेल चूक आहे.

या मुलांचा पूर्वायुष्याशी संबंध कायमचा तुटे, असेही ठामपणे लिहिले जाते. पण बोस्नियातल्या ऑर्थोडॉक्स सर्ब घरातून देवशिर्मेत गेलेला सोकोल्लू मेहमद पाशा १५६५ पासून १५७९ पर्यंत वजीर-ए-आझम होता, आणि जन्मगावापासून जवळच, विशेग्राड येथे, त्याने द्रीना नदीवर पूल बांधवला. त्याआधी, तो साधा वजीर असताना, १५५७ साली पेच येथील सर्बियन पॅट्रिआर्कपद पुन्हा सुरू झाले, आणि त्यावर बसला त्याचाच नातलग मकारिये सोकोलोविच. सुलतानाचा ‘कुल’ म्हणजे गुलाम-सेवक आणि ख्रिस्ती धर्मप्रमुख एकाच घराण्यातले, ही गोष्ट त्या सुबक चित्रात मुळीच बसत नाही. तसेच साम्राज्यातले सगळे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती इस्तंबूलच्या एकाच पॅट्रिआर्कच्या हाताखाली होते, हा समजही येथे गळून पडतो: पेचचे पद १७६६ साली रद्द झाले, तेव्हा कुठे तेथील धर्मप्रांत इस्तंबूलकडे गेले.