पार्सलचा मेसेज खरा की खोटा? ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

ब्रिटनमध्ये आल्यावर सुरुवातीचे महिने घरी सतत काही ना काही येत असतं. बँकेचं कार्ड, ऑनलाइन मागवलेला कुकर, दिवाळीच्या सुमारास आईने धाडलेला फराळ. अशात 'पत्ता अपुरा असल्याने पार्सल अडकलं आहे, बारा तासांत इथे 1.99 पौंड भरा' असा मेसेज आला की तो आपल्यासाठीच आहे असं वाटतं. पाठवणाऱ्याला तुमच्या फराळाचा पत्ताही नसतो. तो हजारोंना एकच मेसेज पाठवतो, त्यातल्या कुणाचं तरी पार्सल वाटेत असतंच.

आपल्या मंडळींचा आवडता सल्ला म्हणजे 'पैसे मागितले की खोटं'. तो अर्धवट आहे, कारण भारतातून आलेल्या पार्सलवर खरोखर पैसे भरावे लागू शकतात. भेट म्हणून पाठवलेल्या वस्तूंची किंमत 39 पौंडांच्या वर गेली की व्हॅट लागू शकतो. रॉयल मेल त्यावर हाताळणीचे 8 पौंड घेतं आणि घरी करड्या रंगाचं 'फी टू पे' कार्ड टाकतं. स्पीड पोस्टचं पार्सल बहुधा पार्सलफोर्स या कुरिअर कंपनीकडे जातं, आणि तेही पत्र पाठवतात. म्हणजे खरी रक्कम ही कर अधिक हाताळणी अशी असते. 1.99 पौंडांचं 'पुन्हा पोहोचवण्याचं शुल्क' त्यात कुठेच बसत नाही. इतकी किरकोळ रक्कम मुद्दाम ठेवतात, म्हणजे माणूस विचार न करता कार्ड काढतो. (पेढे-बर्फी मागवू नका. भारतातून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, ते जप्त होतात. चकली चालते.)

आता लिंक. डीपीडीसारख्या कुरिअर कंपन्या खरीखुरी लिंक पाठवतात. तिथे दिवस बदला, शेजाऱ्याकडे ठेवा असे पर्याय असतात, पण त्यासाठी कार्डाचा नंबर किंवा जन्मतारीख मागत नाहीत. पत्ता वाचताना पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते बघा. `royalmail.com/track` मध्ये तिथे `royalmail.com` आहे, ठीक. `royalmail.com.parcel-fee.top/uk` मध्ये तिथे `parcel-fee.top` आहे. त्याच्या आधीचं `royalmail.com` नुसतं शोभेपुरतं लावलेलं. मेसेज जुन्या खऱ्या मेसेजांच्याच रांगेत आला म्हणून विश्वास ठेवू नका, पाठवणाऱ्याचं नाव खोटं टाकता येतं. आणि 'आधी Y लिहून उत्तर द्या, मग लिंक उघडा' असं असेल तर तिथेच थांबा. अनोळखी नंबरची लिंक आयफोन दाबू देत नाही, तुम्ही उत्तर दिलं की ती चालू होते.

इतकं पारखत बसायचं नसेल तर मेसेजला हातच लावू नका. घरच्यांकडून पावतीवरचा नंबर मागवा. भारतीय टपालाचा नंबर दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी `IN` असा असतो. कंपनीचं संकेतस्थळ स्वतः टाइप करून तो तिथे घाला. पैसे खरोखर देणं असतील तर तिथेही दिसेल.

एक गोष्ट मात्र मी परत परत सांगणार, कारण तिच्यात माणसं बुडतात. चोरी 1.99 पौंडांची नसते. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने फॉर्म भरला: नाव, पत्ता, जन्मतारीख, मोबाइल, कार्ड. दोन पौंडांचं काय मनावर घ्यायचं म्हणून विसरूनही गेला. काही दिवसांनी 'बँकेच्या फसवणूक विभागातून' फोन आला. बोलणं अगदी सभ्य, शुद्ध ब्रिटिश. त्याचा पत्ता आणि कार्डाचे शेवटचे आकडे त्यांनीच सांगितले, मग संशय कसला? 'अलीकडे पार्सलच्या लिंकवर काही भरलंत का? तुमचं खातं धोक्यात आहे, पैसे या सुरक्षित खात्यात हलवा.' त्याने घराच्या डिपॉझिटसाठी साठवलेले पैसे स्वतःच्या हाताने हलवले. इथली कुठलीही बँक फोन करून पैसे दुसऱ्या खात्यात हलवायला सांगत नाही. पुन्हा लिहितो, कुठलीही नाही. गोऱ्या उच्चारांपुढे आपण फार लवकर नमतो, हे माझं स्पष्ट मत.

तेव्हा फॉर्म भरला गेला असेल तर लाजून गप्प बसू नका. ॲपमधून कार्ड गोठवा आणि 159 वर फोन करा, बहुतेक मोठ्या बँकांना तो जोडून देतो. पैसे स्वतः पाठवले असतील तरी आशा सोडू नका. 7 ऑक्टोबर 2024 पासून, ब्रिटनमधल्याच खात्यात अशा फसवणुकीने गेलेले पैसे 85,000 पौंडांपर्यंत परत देणं बँकांवर बंधनकारक आहे. बँक 100 पौंडांपर्यंत कापू शकते, आणि दावा तेरा महिन्यांच्या आत करावा लागतो.

खोटा मेसेज 7726 वर फॉरवर्ड करा, फुकट आहे. मंडळाच्या ग्रुपवर विचारायचंच असेल तर स्क्रीनशॉट टाका. चालू लिंक टाकलीत तर कुणीतरी काका ती उघडून बघणारच.