दोन-दोन-तीनचा ड्युटी चार्ट लावताना या चुका टाळा

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंट्रोल रूममध्ये, युटिलिटी विभागात आणि सुरक्षा चौक्यांवर बारा तासांच्या ड्युटीसाठी दोन-दोन-तीनचा चार्ट आता बराच वापरला जातो. असे चार्ट बनवणे आणि इतरांनी बनवलेले तपासणे हे माझे नेहमीचे काम आहे. त्यात त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात आणि त्यांचा त्रास चार्ट बनवणाऱ्याला नव्हे, तर रात्री पॅनलसमोर बसणाऱ्या माणसाला होतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी मूळ रचना पाहू. एका गटाला सोमवार-मंगळवार ड्युटी, बुधवार-गुरुवार सुट्टी आणि शुक्रवार-शनिवार-रविवार ड्युटी असते. पुढच्या आठवड्यात हेच उलट होते: सोमवार-मंगळवार सुट्टी, बुधवार-गुरुवार ड्युटी आणि शुक्रवार ते रविवार सलग तीन दिवस सुट्टी. चौदा दिवसांत सात ड्युट्या, म्हणजे 84 तास, आणि म्हणून आठवड्याची सरासरी 42 तास. दुसरा गट याच्या बरोबर उलट चालतो. दिवसपाळीचे दोन आणि रात्रपाळीचे दोन असे चार गट मिळून चोवीस तास भरून निघतात.

एकच आठवडा पाहून निष्कर्ष काढणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती घाईतून होते आणि आत्मविश्वासाने केली जाते. सोमवार ते रविवार असा आठवडा धरला, तर पहिल्या आठवड्यात पाच ड्युट्या म्हणजे 60 तास आणि दुसऱ्यात दोन ड्युट्या म्हणजे 24 तास दिसतात. जो पहिला आठवडा पाहतो तो घाबरतो आणि जो दुसरा पाहतो त्याला माणसे रिकामी बसल्यासारखी वाटतात.

महापे परिसरातल्या एका कारखान्यात हे दुसरे घडले. तिथे नव्याने आलेल्या एका अधिकाऱ्याने 24 तासांचा आठवडा पाहिला आणि रजांची भरपाई करण्यासाठी प्रत्येक ऑपरेटरला त्या ‘हलक्या’ आठवड्यातल्या शनिवारी एक जादा ड्युटी लावली. रिलीव्हर नेमण्याची गरज उरली नाही, असे त्याने वरिष्ठांना कळवले. कागदावर हिशेब बसत होता: चौदा दिवसांत आठ ड्युट्या, 96 तास, सरासरी बरोबर 48. मर्यादा 48 चीच असल्याने त्याला हा चार्ट निर्दोष वाटला. परंतु सलग तीन दिवसांची जी एकमेव मोठी सुट्टी या रचनेत मिळते, तिचे त्याने तुकडे केले आणि चार्टमध्ये एका तासाचीही सवड ठेवली नाही. जुलैमध्ये मुसळधार पावसाने ट्रान्स-हार्बरच्या गाड्या रखडल्या, पुढच्या पाळीची माणसे वेळेवर पोहोचली नाहीत आणि पॅनलवरची माणसे बारा तासांनंतरही जागेवरच राहिली. त्या आठवड्यांत प्रत्येकाचे तास 48 च्या वर गेले आणि ओव्हरटाइमच्या हिशेबावरून कामगार व व्यवस्थापन यांच्यात दीर्घकाळ कटुता राहिली. रिलीव्हरचा पगार वाचवण्याचा हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

यावर माझी सवय अशी आहे की, चौदा दिवसांचा पूर्ण तक्ता एका पानावर मांडल्याशिवाय मी तासांविषयी एक शब्दही बोलत नाही. त्यानंतर आठवडा कोणत्या वारी सुरू होतो हे मी पाहतो आणि बहुतेक लोक नेमकी हीच गोष्ट पाहत नाहीत. कारखाने अधिनियम, 1948 मध्ये आठवड्याची व्याख्या शनिवारच्या मध्यरात्रीपासून सुरू होणारे सात दिवस अशी होती. वर दिलेला चार्ट रविवार ते शनिवार असा मोजून पाहा. पहिल्या आठवड्यात सोमवार, मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार अशा चार ड्युट्या म्हणजे 48 तास येतात. दुसऱ्यात रविवार, बुधवार आणि गुरुवार अशा तीन, म्हणजे 36 तास येतात. माणसे तीच, ड्युट्या त्याच आणि सरासरीही 42 च; पण 60 आणि 24 ऐवजी 48 आणि 36. तीन दिवसांची सलग ड्युटी आठवड्याच्या सीमेवर दुभंगते, म्हणून हे शक्य होते. हाच चार्ट कोणी रविवारपासून सुरू केला आणि आठवडाही रविवारपासूनच मोजला, तर 60 आणि 24 परत येतात. त्यामुळे पगार विभाग आठवडा कोणत्या वारापासून मोजतो हे विचारल्याशिवाय चार्टचा पहिला दिवस ठरवू नये.

साप्ताहिक हिशेब जुळला म्हणजे दैनंदिन मर्यादेचा प्रश्न सुटला, असे मात्र नाही. 1948 च्या कायद्यात दिवसाला 9 तासांपलीकडचे काम दुप्पट दराचे ठरत असे. नव्या श्रमसंहितांनंतर आपल्या आस्थापनेला कोणती दैनंदिन मर्यादा लागू होते, हे कामगार कायद्याच्या सल्लागाराकडून लेखी घ्यावे. सरासरी 42 आहे, हे त्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही.

42 तास चार्टमुळे येतात असे समजणे

एक खुर्ची आठवडाभर अखंड भरायची, तर 168 तास लागतात. चार माणसांत ते वाटले की 42 येतात. चार-चारचा चार्ट लावा किंवा दोन-दोन-तीनचा, चार माणसे असेपर्यंत हा आकडा बदलत नाही. चार्ट फक्त ड्युटी आणि सुट्टी कशी विभागली जाईल हे ठरवतो. एकाने नोकरी सोडली आणि तिघेच उरले, तर 168 भागिले 3 म्हणजे 56 तास होतात आणि चार्टची कितीही फिरवाफिरव केली तरी ते कमी होत नाहीत. संगणकावर रंगीत चौकटी हलवून तास कमी करू पाहणाऱ्या नवशिक्यांना मी आधी हा भागाकार करायला लावतो. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण हे सारे चार गटांच्या बाहेरच्या माणसानेच भरून काढावे लागते.

एक तारखेला पाळी बदलणे

दिवस आणि रात्र यांची अदलाबदल महिन्याच्या पहिल्या तारखेला करण्याची पद्धत सोयीची वाटते, पण ती धोकादायक आहे. एक तारीख रविवारी आली आणि गटाची शुक्रवार-शनिवार-रविवार ड्युटी चालू असली, तर शनिवारची रात्रपाळी रविवारी सकाळी आठ वाजता संपते आणि त्याच वेळी त्या माणसाची दिवसपाळी सुरू होते. बदल नेहमी तीन दिवसांच्या सुट्टीतच करावा. तेव्हा रात्रपाळी शुक्रवारी सकाळी आठ वाजता संपते आणि दिवसपाळी सोमवारी सकाळी आठ वाजता सुरू होते, म्हणजे पूर्ण 72 तास मिळतात.

हॅंडओव्हर आणि जेवणाची वेळ न धरणे

पंधरा मिनिटे आधी येऊन लॉगबुक समजून घेण्याची अट असेल, तर चौदा दिवसांत 105 मिनिटे वाढतात आणि 42 ची सरासरी जवळपास 43 होते. उलट अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी वजा केली, तर सरासरी 40 तास 15 मिनिटे येते. ही वजाबाकी करण्यापूर्वी त्या अर्ध्या तासात पॅनलवर दुसरा माणूस बसतो का, हे स्वतः जाऊन पाहावे. ऑपरेटर पॅनलसमोरच डबा उघडत असेल, तर तो अर्धा तास मी कामाचाच धरतो.

रजा दिवसांत मोजणे

बारा तासांच्या ड्युटीवरची एक दिवसाची रजा आठ तासांची धरली, तर चार तासांचा हिशेब लटकत राहतो आणि वर्षअखेरीस तंटा होतो. रजेचे खाते पहिल्या दिवसापासून तासांतच ठेवावे.