कॅप्शनच्या स्क्रीनशॉटवरून मिनिट्स लिहिताय? या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत हे नेहमीचं झालंय. पुण्याच्या गिऱ्हाइकाबरोबर सकाळी व्हिडिओ कॉल होतो, रेकॉर्डिंग कुणी लावलेलं नसतं. कॉल संपता संपता कुणीतरी मोबाईलवर कॅप्शनचा एक स्क्रीनशॉट काढतो आणि दुपारी ग्रुपवर टाकून ऑफिसात सांगतो, "एवढ्यावरून मिनिट्स करून टाका, निर्णय आणि कुणी काय करायचं ते." कॉल संपल्यावर लाइव्ह कॅप्शन बहुतेक वेळा मागे उरत नाहीत. हातात राहतं ते एवढंच चित्र.

असा एक नमुना घेऊ. कॉल गुरुवारी, १२ जूनला झाला. विषय होता ब्रॅकेटच्या कास्टिंगचा. हीट म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेला सगळा माल, आणि ब्लो होल म्हणजे ओतताना अडकलेल्या वायूने धातूत पडलेली पोकळी. स्क्रीनशॉटवर वेळ दिसते ११:४२ आणि कॅप्शन अशा:

> कॉन्फरन्स रूम: ब्लो होल आलेत म्हणून आख्खी हीट रिजेक्ट करायची गरज
> पुणे ऑफिस: मग साडे 400 नग परवा पाठवा बाकीचे नंतर
> कॉन्फरन्स रूम: हो हो
> पुणे ऑफिस: त्या रिपोर्टचं तेवढं बघा कुणीतरी
> कॉन्फरन्स रूम: चोर वाल्यांना सांगतो की आजच त्या

घाईत लिहिलेले मिनिट्स असे होतात: "हीट पूर्ण रिजेक्ट करण्याचा निर्णय झाला. ४०० नग परवा पाठवणे, जबाबदारी कॉन्फरन्स रूम. रिपोर्ट बघणे." या तीन वाक्यांतलं एकही धड नाही आणि पहिलं तर थेट उलटं आहे.

अर्धं वाक्य पूर्ण समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा थांबू या. मराठीत होकार की नकार हे वाक्याच्या शेवटी कळतं. "आख्खी हीट रिजेक्ट करायची गरज" इथपर्यंत वाचून पुढे "आहे" होतं की "नाही", हे सांगता येत नाही. बोलणारा श्वास घ्यायला थांबला किंवा मध्येच दुसरा कुणी बोलला, की कॅप्शनची ओळ तिथेच तुटते. वाचणाऱ्याचं मन मात्र ती ओळ आपोआप पुरी करतं, आणि ब्लो होल आलेत म्हटल्यावर "गरज आहे" हेच आधी सुचतं.

त्यात सगळ्यात खालची ओळ आणखी कच्ची असते. बोलणं चालू असताना सॉफ्टवेअर आधी अंदाजाने शब्द मांडतं आणि पुढचे शब्द कानावर आले की मागचे बदलतं. त्यामुळे स्क्रीनशॉट नेमका त्या क्षणी काढला असेल, तर शेवटच्या ओळीतले तीन-चार शब्द दोन सेकंदांनी वेगळे दिसले असते. शेवटच्या ओळीवर निर्णय कधीच उभा करू नका.

मग अर्ध्या वाक्याचं काय करायचं? खालची ओळ बघा. पुण्याकडून लगेच उत्तर आलंय, "मग साडे 400 नग परवा पाठवा." हीटचा सगळाच माल रिजेक्ट होणार असता, तर त्यातले नग पाठवायचा प्रश्नच आला नसता. म्हणजे मूळ वाक्य "गरज नाही" असंच असण्याचा संभव मोठा. पण आपण हे ताडलेलं आहे, वाचलेलं नाही. मिनिट्समध्ये ते निर्णय म्हणून लिहायचं नाही. "खात्री करायची" असा शेरा मारून ठेवायचं आणि विचारायचं.

खोलीचं नाव माणसाचं समजणं

कॅप्शनशेजारी जे नाव येतं, ते बहुतेक वेळा ज्या खात्यावरून कॉल जोडला त्याचं. कोल्हापूरकडच्या टोकाला एकाच लॅपटॉपसमोर प्रॉडक्शन, क्वालिटी आणि डिस्पॅच असे तिघं बसलेले असले, तरी सगळ्यांचं बोलणं "कॉन्फरन्स रूम" या एकाच नावाखाली येतं. त्यामुळे "हो हो" कुणी म्हटलं हे या चित्रावरून कळायचा मार्गच नाही. डिस्पॅचवाल्यांनी म्हटलं असेल तर ती कबुली ठरते. प्रॉडक्शनवाल्यांनी म्हटलं असेल तर कदाचित नुसतं "ऐकतोय" एवढंच.

"जबाबदारी: कॉन्फरन्स रूम" असं लिहिलं की ते काम कुणाचंच राहत नाही. तिथे माणसाचं नाव हवं. नाव माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा आणि शेजारी "नाव ठरवायचं" असं लिहा. कामाच्या स्वरूपावरून आपण होऊन कुणाच्या तरी नावावर ते टाकू नका. दुसऱ्या दिवशी तो माणूस "मी कुठे घेतलं होतं?" म्हणणार आणि त्याचं म्हणणं बरोबरच असणार.

"त्या रिपोर्टचं तेवढं बघा कुणीतरी" ही ओळ याहून फसवी. वाचताना ती काम दिल्यासारखी वाटते, पण तिच्यात माणूस नाही, तारीख नाही आणि कुठला रिपोर्ट तेही नाही. तिला ॲक्शन आयटमच्या यादीत न घालता "उरलेले मुद्दे" म्हणून वेगळी ठेवा.

परवा म्हणजे कधी, साडे 400 म्हणजे किती

इथे "पाठवा" आहे, त्यामुळे परवा पुढचा. पण मोजायचा कुठून? कॉल गुरुवारी १२ तारखेला झाला, म्हणून शनिवार १४ जून. हाच स्क्रीनशॉट तुम्हाला शुक्रवारी फॉरवर्ड होऊन आला आणि तुम्ही त्या दिवसापासून मोजलं, तर १५ तारीख येते आणि तो रविवार.

मोबाईलच्या स्क्रीनशॉटवर वरच्या पट्टीत वेळ असते, तारीख बहुधा नसते. तारीख शोधायची ती मूळ फाईलच्या नावात. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ते असं असतं:

```
Screenshot_20250612-114203.png
```

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचं नाव मात्र बदलून `IMG-20250613-WA0007.jpg` अशासारखं होतं. त्यातली तारीख फोटो तुमच्याकडे आल्याची, कॉलची नव्हे. म्हणून ज्यानं काढला त्याच्याकडून मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून मागवा, किंवा कॅलेंडरमधलं मीटिंगचं निमंत्रण बघा. आणि मिनिट्समध्ये परवा, येत्या सोमवारी, आठवड्याभरात असं काही राहू देऊ नका. वार आणि तारीख दोन्ही लिहा. दोन्ही लिहिलं की चूक झालेली असली तर ती जुळत नाही आणि लगेच दिसते.

आकड्याचंही तसंच. "साडेचारशे" कॅप्शनमध्ये कधी "साडे 400" असं तुटून येतं, आणि फोटोतला मजकूर उचलताना किंवा नजरेने वाचताना "साडे" गळून पडतं. मग ४५० चे ४०० होतात आणि ट्रकमध्ये ५० नग कमी चढतात. दीड, अडीच, पावणेदोन, सव्वाशे यांपैकी काही दिसलं, की पूर्ण आकडा करून अंकात लिहा आणि त्या आकड्याखाली रेघ मारून तो पक्का करून घ्या.

विचित्र शब्द गाळून टाकणं

"चोर वाल्यांना" वाचून लोक ती ओळच सोडून देतात. फाउंड्रीत चार दिवस काढलेल्याला कळेल की ते "कोअरवाल्यांना" आहे, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवणाऱ्या कोअर शॉपला. नेहमीच्या बोलण्यातले शब्द सॉफ्टवेअर बरे ओळखतं, धंद्यातले शब्द त्याच्या कानावर कमी पडलेले असतात. म्हणून जिथे शब्द विचित्र दिसतो तिथेच बहुतेक कामाची गोष्ट असते. तो मोठ्याने दोनदा म्हणून बघा, जवळचा ध्वनी सापडतो. न सापडल्यास कॅप्शनमध्ये आहे तसा अवतरणात ठेवा आणि खोलीत असलेल्यांना विचारा.

सगळंच विचित्र असेल तर मात्र वेगळं काही बिघडलंय. बोलणं मराठीत आणि कॅप्शनची भाषा इंग्रजीवर असेल, तर पडद्यावर अर्थहीन इंग्रजी शब्दांची रांग लागते. त्यातून काहीही परत मिळवता येत नाही, तो नाद सोडून द्या. खरा धोका भाषा हिंदीवर असते तेव्हा. लिपी देवनागरीच, वाक्यंही गुळगुळीत, त्यामुळे संशय येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. बोलणं मराठी असूनही कॅप्शनमध्ये "ळ" कुठेच नाही आणि "आहे" च्या जागी "है" दिसतंय, तर तो मजकूर मिनिट्सला आधार म्हणून वापरू नका.

विचारायचं कसं

खात्री करताना "बरोबर आहे ना सर?" असं विचारलंत तर "हो" येणार आणि गाडी पुन्हा तिथेच अडकणार. प्रश्न असा हवा की उत्तरात गोष्ट सांगावीच लागेल:

> सर, गुरुवारच्या कॉलच्या मिनिट्ससाठी:
> १. हीट पूर्ण रिजेक्ट करायची की निवडून काढायची?
> २. शनिवारी १४ जूनला किती नग जाणार, आणि डिस्पॅच कोण बघणार?
> ३. कोअर शॉपला काय सांगायचं ठरलं, आणि कोण सांगणार?
> ४. पुण्याला कुठला रिपोर्ट हवाय, आणि तो कोण देणार?

हे ग्रुपवर न टाकता खोलीत बसलेल्या एकाला पाठवलेलं बरं. ग्रुपवर प्रत्येक जण दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतो. समजा क्वालिटीवाल्या साहेबांचं उत्तर आलं, "निवडून. ४५०, डिस्पॅच सुपरवायझर. कोअर शॉपला प्रॉडक्शन सुपरवायझर गुरुवारीच सांगणार, त्या दिवशीचे कोअर वाळलेत का बघायला. रिपोर्टचं ठरलं नाही." तर मिनिट्स असे होतील:

> मीटिंग: गुरुवार, १२ जून. आधार: ११:४२ चा एक स्क्रीनशॉट आणि क्वालिटी विभागाने केलेली खात्री.
> निर्णय: हीट पूर्ण रिजेक्ट करायची नाही. ब्लो होल असलेले नग निवडून बाजूला काढायचे.
> काम १: ४५० नग पुण्याला रवाना करणे. डिस्पॅच सुपरवायझर. शनिवार, १४ जून.
> काम २: कोअर शॉपला त्या हीटचे कोअर नीट वाळले होते का ते तपासायला सांगणे. प्रॉडक्शन सुपरवायझर. गुरुवार, १२ जून.
> उरलेले मुद्दे: पुण्याला हवा असलेला रिपोर्ट. कुठला आणि कोण देणार, ठरलेलं नाही. बाकीचे नग कधी, ठरलेलं नाही.

"आधार" ही ओळ ठेवाच. एका स्क्रीनशॉटमध्ये कॉलमधली काही सेकंदंच सापडतात. आधी-नंतर आणखी काही ठरलं असेल तर ते या मिनिट्समध्ये नाही, हे वाचणाऱ्याला समजलं पाहिजे. सही करणाऱ्या साहेबांना तर नक्कीच.

पुढच्या कॉलला स्क्रीनशॉट काढणाऱ्याला दोनच गोष्टी सांगून ठेवा. बोलणाऱ्याचं वाक्य संपून दुसरा बोलायला लागला की मग काढ, म्हणजे तुटलेली ओळ तोवर पुरी झालेली असते. आणि एकापेक्षा जास्त काढणार असशील तर आधीच्या चित्रातली शेवटची ओळ पुढच्या चित्रात वर दिसली पाहिजे. ती दोन्हीकडे नसेल तर मधलं काही निसटलंय.