2, 5, 10, 17 च्या पुढं 26 की 28? मूळ संख्या आणि मागच्या दोघांची बेरीज, नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी पोरांना बुद्धिमत्ता घेतो, पोलीस भरती, तलाठी, सरळसेवा असं सगळं करणारी असतात, बरीचशी गडहिंग्लज, राधानगरी, कागलकडून येऊन इथं रूम घेऊन राहिलेली. संख्यामालिकेत बहुतेकांना वर्ग, घन, दुप्पट-तिप्पट हे पटकन जमतं, अडतं ते दोन ठिकाणी, एक म्हणजे मूळ संख्यांवरून बनवलेली मालिका आणि दुसरी जिथं प्रत्येक पद मागच्या दोन पदांची बेरीज असतं ती. या दोन्ही सुरुवातीला एकमेकींसारख्या आणि दुसऱ्याच कुठल्यातरी मालिकेसारख्या दिसतात, म्हणून फक्त त्यांच्यावरच लिहितोय.

आधी हे बघा: 2, 3, 5, पुढं काय? मूळ संख्या धरल्या तर 7, बेरीज धरली तर 3 + 5 म्हणजे 8. दोन्ही बरोबर. म्हणजे तीन पदांवरून ठरतच नाही, चौथं पद बघितल्याशिवाय पेन टेकवायचं नाही. आणि चौथं पद बघून नियम सापडला असं वाटलं तरी पाचव्या पदावर तो तपासायचा, ही सवय लागली की निम्म्या चुका तिथंच थांबतात.

गडहिंग्लजच्या एका मुलीनं मला विचारलेला प्रश्न याच्याही पुढचा होता. मालिका होती 2, 5, 10, 17, ? ती म्हणाली, "दादा, फरक 3, 5, 7 आलेत, मग पुढचा 9 घेऊ का 11?" मला हा प्रश्न फार आवडला कारण अडचण नेमकी तिथंच आहे. 3, 5, 7 या विषम संख्या पण आहेत आणि मूळ संख्या पण आहेत. विषम धरल्या तर पुढचा फरक 9, उत्तर 26, आणि ही मालिका म्हणजे 1, 2, 3, 4, 5 यांचे वर्ग अधिक 1. मूळ धरल्या तर पुढचा फरक 11, उत्तर 28, आणि मग ही मालिका म्हणजे मूळ संख्यांची चढती बेरीज: 2, मग 2 + 3 = 5, मग 2 + 3 + 5 = 10, असं. ती पुढं अशी जाते: 28, 41, 58, 77, 100. पहिल्या नऊ मूळ संख्यांची बेरीज बरोब्बर 100 होते, हे लक्षात ठेवायला सोपं आहे आणि पाठांतर तपासायला पण उपयोगी पडतं.

मग पेपरात काय करायचं? पर्याय बघायचे. बहुतेक वेळा 26 आणि 28 मधलं एकच पर्यायात असतं, मग प्रश्नच मिटला. दोन्ही असतील आणि पाचवं पद दिलेलं नसेल तर दोष प्रश्नात आहे, तिथं डोकं फोडत बसू नका, साधा नियम म्हणून 26 मारा, पुढं जा, आणि पहिली उत्तरतालिका आली की मुदतीत हरकत घ्या, दोन्ही नियम लिहून.

चांगला प्रश्न काढणारा अशी पंचाईत होऊ देत नाही. उदाहरण घ्या: 7, 18, 31, 48, 67, ? फरक काढले 11, 13, 17, 19. पहिले दोन बघून वाटतं 2 नं वाढतायत, पण तिसरा 15 नाही, 17 आलाय. 15 गाळलं गेलं की समजायचं मूळ संख्या आहेत, कारण 15 ला 3 नं भाग जातो. तसंच 7 नंतर 9 गाळून 11 आलं, किंवा 19 नंतर 21 गाळून 23 आलं, ही खूण. इथं पुढचा फरक 23, उत्तर 67 + 23 = 90. फरकांत काय आहे याच्याइतकंच काय गाळलंय तेही बघायचं.

यासाठी 100 पर्यंतच्या 25 मूळ संख्या तोंडपाठ पाहिजेतच, त्याला पर्याय नाही. पण पाठ असूनही काही संख्या फसवतात. 51, 57, 87 आणि 91 या चार दिसायला अगदी मूळ वाटतात. 51 म्हणजे 3 × 17, 57 म्हणजे 3 × 19, 87 म्हणजे 3 × 29, आणि 91 म्हणजे 7 × 13. पहिल्या तिघी अंकांच्या बेरजेत सापडतात (5 + 1 = 6, 3 नं भाग जातो), 91 मात्र सापडत नाही, ती वेगळी लक्षात ठेवा. 120 पर्यंत कुठलीही संख्या तपासायला फक्त 2, 3, 5, 7 नं भाग जातो का एवढंच बघायचं असतं, कारण त्याच्यापुढची मूळ संख्या 11 आणि तिचा वर्ग 121. 121 पासून 11 पण घ्यावा लागतो, म्हणून 143 (11 × 13) तिथं फसवते. आणि 1 ही मूळ संख्या नाही, मालिका 1, 2, 3, 5, 7 अशी सुरू झाली तर सरळ मूळ संख्या म्हणून सोडवू नका, आधी दुसरं काही बसतंय का बघा.

फरक काढायची सवय लागली की पोरं सगळीकडे फरकच काढत बसतात, तिथं एक मालिका अडवते: 6, 15, 35, 77, 143, ? फरक येतात 9, 20, 42, 66, यातनं काहीच निघत नाही. अशा वेळी अवयव पाडा: 2 × 3, 3 × 5, 5 × 7, 7 × 11, 11 × 13. लागोपाठच्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार, पुढचा 13 × 17 = 221. 35, 77, 143 अशा संख्या एकाच मालिकेत दिसल्या की फरकाच्या आधी अवयव पाडायचे.

आता बेरजेची मालिका. 3, 4, 7, 11, 18, 29, ? इथं फरक काढा: 1, 3, 4, 7, 11. पहिला फरक सोडला तर पुढं दिलेली मालिकाच परत आली, 3, 4, 7, 11. बेरजेच्या मालिकेची हीच पक्की ओळख, कारण 18 वजा 11 केलं की त्याच्या मागचं 7 च उरणार. उत्तर 18 + 29 = 47. बघा, हिच्यात 3, 7, 11, 29, 47 या मूळ संख्या आहेत, त्यामुळं बरेच जण मूळ संख्यांच्या मागं लागतात, पण 4 आणि 18 मध्ये आहेत म्हटल्यावर तो विचार सोडायचा.

मोठ्या संख्या असल्या तर अजून एक अंदाज लावता येतो. बेरजेच्या मालिकेत दोन-चार पदं पुढं गेलं की प्रत्येक पद आधीच्याच्या साधारण 1.6 पट होतं, 29 वरून 47, 89 वरून 144. दुप्पट होत असेल तर गुणाकाराची मालिका शोधा, आणि 1.8 पटीच्या आसपास असेल तर मागच्या तीन पदांची बेरीज करून बघा, जसं 1, 2, 4, 7, 13, 24. हा फक्त अंदाज आहे हां, सुरुवातीच्या लहान पदांवर चालत नाही.

यात थोडा बदल करून प्रश्न येतो तो असा: 2, 3, 6, 10, 17, 28, ? 2 + 3 = 5, पण आलंय 6, म्हणून पोरं बेरीज सोडून देतात. सोडू नका. फरक काढा: 1, 3, 4, 7, 11. पहिला सोडून 3, 4, 7, 11 हे दिलेल्या मालिकेच्या 2, 3, 6, 10 खाली लिहा, प्रत्येक ठिकाणी 1 जास्त. म्हणजे नियम मागच्या दोघांची बेरीज अधिक 1. पुढचं पद 17 + 28 + 1 = 46. प्रत्येक ठिकाणी 2 जास्त आला असता तर अधिक 2.

मधलं पद गायब असेल तर वजाबाकी करायची एवढंच: 5, ?, 14, 23, 37 मध्ये 14 − 5 = 9, आणि 9 + 14 = 23 जुळतंय. लागोपाठ दोन पदं गायब असतील, 5, ?, ?, 23, तर दुसरं पद x धरा, तिसरं 5 + x, चौथं 5 + 2x, म्हणून 2x = 18, x = 9. ही रीत बेरजेचा नियम आधीच ठरलेला असेल तरच वापरा, नाहीतर 5, 11, 17, 23 अशी सरळ 6 नं वाढणारी मालिका पण बसते.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते चुकीचं पद ओळखा मध्ये. 4, 7, 11, 18, 29, 48, 76, 123 घ्या. 11 बरोबर, 18 बरोबर, 29 बरोबर. 18 + 29 = 47, पण दिलंय 48. पुढं 29 + 48 = 77, दिलंय 76. 48 + 76 = 124, दिलंय 123. लागोपाठ तीन ठिकाणी जुळत नाही, म्हणून कुणी 76 मारतं, कुणी 123. पण एक चुकीचं पद तीन बेरजांत शिरतं, एकदा उत्तर म्हणून आणि दोनदा बेरीज करायला. म्हणून तीन बेरजा लागोपाठ बिघडल्या तर पहिल्या बिघडलेल्या बेरजेचं उत्तर चुकीचं, इथं 48. तिथं 47 ठेवून बघा, 29 + 47 = 76, 47 + 76 = 123, सगळं जुळतं. कडेच्या पदांना मात्र हे तसंच लागू होत नाही: फक्त पहिली बेरीज बिघडली तर पहिलं पद चुकीचं, पहिल्या दोन बिघडल्या तर दुसरं, फक्त शेवटची बिघडली तर शेवटचं, आणि शेवटच्या दोन बिघडल्या तर शेवटून दुसरं.

पोलीस भरतीच्या लेखीला 100 प्रश्न आणि 90 मिनिटं असतात, तेव्हा एका मालिकेवर मिनिटाच्या वर जाऊ नका. रफला क्रम असा ठेवा: आधी फरकांची एक ओळ लिहा, त्यात दिलेली मालिकाच परत दिसते का बघा, मग फरकांत 9, 15, 21 गाळलेत का बघा, आणि दोन्ही नसेल तर अवयव पाडा. त्यातनंही नाही निघालं तर खूण करून पुढचा प्रश्न घ्या, वेळ उरला तर परत या.